उजवा पाय गेल्यावर एएमटी गाडीला हँड कंट्रोल: लायसन्स, आरसी आणि फिटिंग

कृष्णाकाठ
मावसभावासाठी विचारतोय. वय ४२. अपघातानंतर उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. दोन्ही हात ठणठणीत आहेत. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड हातात आलंय. कारचं लायसन्स २०११ चं, कार्डावर २०३१ पर्यंत वैध असं छापलंय. गाडी तीन वर्षांपूर्वी घेतलेली, १.२ लिटर पेट्रोल एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली हॅचबॅक, कर्ज अजून चालू.
प्रश्न तीन. जुनं लायसन्स चालेल का? गाडीत नेमकं काय बसवायचं? आणि आरटीओचं काम किट बसवण्याआधी करायचं की नंतर? एजंट सांगतो, "गाडी विका, नवीन घ्या." ते पटत नाही.

मंदार_पुणे
गाडी एएमटी आहे ना, मग क्लचचा प्रश्नच मिटला. डावा पाय चांगला असेल तर काही न बसवता डाव्या पायाने दोन्ही पेडलं मारता येतात. लायसन्स २०३१ पर्यंत आहे, ते चालतं. किट बसवायचंच असेल तर आरटीओची आधी लेखी परवानगी हवी, नाहीतर पाच हजार दंड. वॉरंटीही जाते. त्यापेक्षा एजंट म्हणतो तसं नवीन गाडी घ्या, अपंगांना जीएसटी २८ च्या ऐवजी १८ टक्के लागतो. बरेच पैसे वाचतील.

जुना_पासिंगवाला
मंदार, तुमच्या उत्तरात बरोबर आणि चूक एकमेकांत मिसळलंय. सुटं करतो.

डावा पाय गेलेल्या माणसाला ऑटोमॅटिक गाडी आहे तशी चालवता येते, हे खरं. इथे उजवा गेलाय. डावा पाय तिरका नेऊन ॲक्सिलरेटर दाबायचा म्हणजे माणूस सीटवर वाकडा बसणार, आणि घाईत तोच पाय ब्रेकवर आणताना पेडलच्या कडेला अडकणार. कुठलाही निरीक्षक याला पास करणार नाही, आणि करूही नये.

परवानगीबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये सर्वसाधारण नियम असा की कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल करायचा नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच कलमाचं पोटकलम २ अपंग व्यक्तीच्या वाहनासाठी वेगळं केलंय. आपल्या मालकीची गाडी 'अडॅप्टेड व्हेइकल'मध्ये बदलून घेऊन नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता नंतर घेता येते. अट एवढीच की बदल ठरवून दिलेल्या अटींमध्ये बसणारा हवा. बदल केल्यापासून १४ दिवसांत आरसी घेऊन कार्यालयात कळवायचं. तो पाच हजारांचा दंड कलम १८२अ मधला, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे. मान्य किट बसवून मुदतीत कळवलं तर तो लागू व्हायचं कारण नाही. चौदा दिवस घरी बसून राहिलात तर मात्र बाजू लंगडी पडते.

गाडीवर कर्ज आहे, तेव्हा बँकेचं लेखी संमतीपत्र आधी घ्या. हा कागद बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. किट बसतं, चौदा दिवस सुरू होतात आणि बँकेत 'हेड ऑफिसला पाठवलंय' ऐकण्यातच आठ-दहा दिवस निघून जातात.

जीएसटीचं म्हणाल तर तो हिशेब जुना झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर सगळ्यांनाच १८ टक्के आहे. अपंगांची सवलत याच मापाच्या गाड्यांना होती, म्हणून आता तिच्यातून वेगळं काही हाती लागत नाही. त्या कारणासाठी गाडी विकू नका. किटवर मात्र ५ टक्केच लागायला हवा, बिल बघून घ्या. काही जण सरसकट १८ लावतात.

मंदार_पुणे
जीएसटीचं मान्य, माझी माहिती मागच्या वर्षीची होती. पण वॉरंटी?

जुना_पासिंगवाला
त्याच दुरुस्तीत असंही आहे की केंद्राने ठरवून दिलेल्या निकषांनुसार केलेल्या बदलामुळे कंपनीने दिलेली वॉरंटी रद्द समजता येणार नाही. सर्व्हिस सेंटरचा माणूस तोंडी काहीही सांगेल, त्याच्याकडून लेखी मागा. पण गल्लीतल्या वेल्डरने ब्रेक पेडलला पट्टी डकवली असेल, तर पेडलच्या तक्रारीवर कंपनी हात वर करणार, आणि ते बरोबरच आहे.

सुनंदा_सोलापूर
आमच्या भाच्याच्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी चाकं लावून घेतली, आरटीओत काम झालं. तसंच करा, कारचा खर्च कशाला? फक्त एक त्रास होतो. खड्ड्यात मागचं मधलं चाक जागच्या जागी फिरत राहतं आणि गाडी पुढे जात नाही. कुणाला उपाय माहीत आहे का?

पाना१४
सुनंदाताई, इथे प्रश्न कारचा आहे, पण तुमचं सांगून टाकतो. बाजूची चाकं फार खाली बसवलीत. खड्ड्यावर ती दोन चाकं गाडी उचलून धरतात, मधलं चाक टांगतं आणि जोर तर त्याच चाकाला आहे. बाजूच्या चाकांचा सस्पेन्शन सेट थोडा वर घ्या, म्हणजे चालवणारा बसल्यावर मधल्या चाकावर पुरेसं वजन येईल. फार वरही नको, वळणावर गाडी कलेल.

आता कृष्णाकाठ यांच्याकडे. उजवा पाय नाही, डावा धड, गाडी एएमटी, अशा वेळी पहिला पर्याय लेफ्ट फूट ॲक्सिलरेटरचा. ब्रेकच्या डावीकडे एक पेडल येतं, ते आडव्या रॉडने मूळ ॲक्सिलरेटर दाबतं, आणि मूळ पेडलवर आडोसा येतो म्हणजे कृत्रिम पाय चुकून त्यावर पडत नाही. स्वस्त आणि सोपं काम. दोन्ही हात स्टिअरिंगवर मोकळे राहतात. पण आधी सांगा, डावा पाय खरंच धड आहे का? घोटा किती वाकतो? पाऊण तास ट्रॅफिकमध्ये ब्रेक धरता येईल का?

कृष्णाकाठ
बरं झालं विचारलंत. त्याच अपघातात डाव्या घोट्याच्या वर रॉड पडलाय. चालताना वजन पेलतं, पण पाऊल नीट खाली दाबलं जात नाही, आणि अर्ध्या तासात ठणका लागतो.

पाना१४
मग डाव्या पायाचा विचार सोडा. ज्या पायाला ब्रेक जोराने दाबता येत नाही त्याच्यावर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही टाकायचे नाहीत. हँड कंट्रोल घ्या.

आपल्याकडे जास्त दिसतं ते पुढे-मागे चालणारं लिव्हर. स्टिअरिंगच्या खालून दांडा येतो, त्यातून दोन रॉड निघतात, एक ब्रेक पेडलला आणि एक ॲक्सिलरेटरला. लिव्हर पुढे ढकललं की ब्रेक, आपल्याकडे ओढलं की ॲक्सिलरेटर. ब्रेक ढकलण्यावर ठेवण्याला कारण आहे. जोरात ब्रेक लागला की अंग पुढे जातं, हातही पुढे जातो, म्हणजे ब्रेक सुटत नाही, उलट घट्ट होतो. ॲक्सिलरेटरचं मात्र उलटं होतं. गाडी झटक्याने पुढे गेली की अंग मागे रेलतं, हात लिव्हर आणखी ओढतो, आणि गाडी आणखी पळते. कमरेत ताकद असलेल्या माणसाला हे जाणवतही नाही. मणक्याच्या दुखापतीत धडाचा तोल गेलेला असेल तर हे धोक्याचं आहे. तिथे ढकलून ब्रेक आणि मांडीकडे खाली दाबून ॲक्सिलरेटर असा प्रकार बघावा. तुमच्या भावाचं धड शाबूत आहे, त्यांना साधं लिव्हर चालेल.

किट मान्यताप्राप्त संस्थेने, म्हणजे पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्थेने, तपासलेलं घ्या. ते तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलला लागू आहे का तेही कागदावर बघा. दुकानदार 'ॲप्रूव्हड आहे' म्हणतो आणि प्रमाणपत्र भलत्याच मॉडेलचं निघतं, असं होतं. निरीक्षक तोच कागद मागणार.

अपर्णा_ठाणे
मी दोन्ही पायांना पोलिओ असल्याने हँड कंट्रोलवरच गाडी चालवते, म्हणून एवढंच सांगते: लिव्हरवर ब्रेक लॉक आहे का ते बघा. एएमटीमध्ये इंजिन सुरू करायला आणि न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये टाकायला ब्रेक दाबलेला लागतो. लिव्हर डाव्या हाताला असेल तर तोच हात ब्रेक धरून अडकलेला, आणि गिअरचा दांडाही डावीकडेच. लॉक नसेल तर उजवा हात स्टिअरिंगवरून आडवा नेऊन गिअर टाकावा लागतो. लॉक असलं की ब्रेक दाबून खटका लावायचा, डाव्या हाताने गिअर टाकायचा आणि मग खटका सोडायचा.
लिव्हर उजव्या हाताला घेतलं तर डावा हात गिअरला मोकळा राहतो, पण मग स्टिअरिंगही डाव्याच हाताने. ज्याचा डावा हात कमी सरावाचा त्याला वळण घेताना ते जड जातं. दुकानात बसलेल्या गाडीत दोन्ही बाजू करून बघितल्याशिवाय ठरवू नका.

पाना१४
अगदी बरोबर. एका हाताने स्टिअरिंग म्हणजे त्यावर फिरता नॉब पाहिजेच, नाहीतर यू-टर्नला हात बदलावा लागतो आणि तो बदलायला दुसरा हात मोकळा नसतो. नॉब उजव्या हाताला असेल तर घड्याळातल्या साधारण तीनच्या जागी बसवा. अगदी वर बसवला तर खांदा भरून येतो. इंडिकेटरचा दांडा कुठे येतो तेही बघा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो उजवीकडे असतो, म्हणजे नॉब सोडूनच लावावा लागेल. म्हणून वळायच्या बरंच आधी लावायची सवय करा.

आता जोराचं गणित. समजा पेडलवर २० किलोचा दाब हवा आहे. लिव्हरचं प्रमाण दोनास एक असेल तर हाताला १० किलो लागतील. पण फुकट काही मिळत नाही, पेडल ८ सेंटीमीटर खाली न्यायला हात १६ सेंटीमीटर पुढे जाईल. सीट फार मागे असेल तर ब्रेक पूर्ण लागायच्या आत कोपर सरळ होतो आणि पुढे रेटायला हातच उरत नाही. म्हणून सीट आधी ठरवा, लिव्हरची लांबी मग. फिटरकडे गाडी टाकून निघून येऊ नका. चालवणारा माणूस बसलेला असतानाच माप घ्यायचं.

कृष्णाकाठ
फिटिंग झाल्यावर आम्ही स्वतः काय तपासायचं? दुकानदार 'चालवून बघा' म्हणून किल्ली हातात देईल, एवढंच.

पाना१४
चालवण्याआधी, उभ्या गाडीत. घाई करू नका, अर्धा तास लागेल.

पहिली गोष्ट ब्रेकलाइट. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा. लिव्हरला हात न लावता भिंतीवर लाल उजेड दिसतोय का? दिसत असेल तर रॉड ताणून बसवलाय आणि पेडल किंचित दाबलेलं राहतंय. मागच्याला तुमचा ब्रेक कधी कळणार नाही, ब्रेक पॅड घासत राहणार, आणि एएमटी गाडी सिग्नलला आपोआप सरकते ती सरकणार नाही, कारण तिच्या मते ब्रेक दाबलेला आहे. दहा किलोमीटर चालवून एखादं चाक इतर चाकांपेक्षा जास्त तापलं तर तेच कारण. रॉडच्या टोकाची लॉकनट सैल करून रॉड आत फिरवायचा आणि पेडल पूर्ण वर आल्यावर केसभर ढिलाई ठेवायची.

दुसरं, इंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि लिव्हर पूर्ण ताकदीने पुढे ढकला. इंजिन चालू असताना ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमुळे पेडल जास्त खाली जातं, म्हणून बंद गाडीत केलेली तपासणी पुरत नाही. त्या टोकाला लिव्हर डॅशबोर्डला टेकतं का? टेकत असेल तर तिथून पुढचा ब्रेक तुमच्याकडे नाहीच. आणि त्याच वेळी इंजिनचा आवाज चढतो का ते ऐका. वाकड्या बसलेल्या रॉडमुळे पूर्ण ब्रेकला ॲक्सिलरेटरही थोडा दाबला जातो. हा दोष साध्या चालवण्यात कळत नाही, तो नेमका जोराचा ब्रेक मारतानाच कळतो.

तिसरं, इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला साठा संपेल. आता लिव्हर दगडासारखं जड लागेल. या अवस्थेतही हलक्या उतारावर तुमच्या भावाने ते दाबून गाडी धरून दाखवली पाहिजे. रस्त्यात इंजिन बंद पडलं तर एक-दोन ब्रेक मदतीचे मिळतात, नंतर असंच असतं. धरता येत नसेल तर लिव्हरचं प्रमाण बदला किंवा लांबी वाढवा.

चौथं, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, लिव्हर एकदा पुढे ढकलून आणि एकदा ओढून. नॉब लिव्हरला घासता कामा नये. स्टिअरिंगची उंची बदलता येत असेल तर वर आणि खाली दोन्हीकडे बघा.

पेडलच्या दांडीवर क्लॅम्पच हवा. वेल्डिंग नको, भोक पाडणं नको. वेल्डच्या उष्णतेने दांडी तिथे कमजोर होते, आणि उद्या किट काढलं तरी पेडल पूर्ववत होत नाही. क्लॅम्पच्या प्रत्येक नटवर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. १०० किलोमीटरनंतर बघा, रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. नवा क्लॅम्प पहिल्या काही दिवसांत बसतो आणि थोडा सैल होतोच, एकदा कसावा लागतोच.

आणि कृत्रिम पाय घालून बसणार असतील तर पेडलांसमोर आडवी पट्टी घ्या. त्या पावलाला काही कळत नाही. ते ब्रेक पेडलच्या खाली सरकलं तर लिव्हर कितीही ढकला, पेडल खाली जाणार नाही.

अपर्णा_ठाणे
घाटाचं राहिलं. चढावर थांबून निघताना लिव्हर ब्रेकवरून ॲक्सिलरेटरकडे आणताना मधे एक क्षण दोन्ही सुटतात आणि एएमटी मागे सरकते. हिल होल्ड असेल तर ठीक, नाहीतर हँडब्रेक ओढून निघायचं. उतारावर, कसारा म्हणा, खंबाटकी म्हणा, गिअर मॅन्युअलमध्ये टाकून दुसऱ्यावर आणणं घाट सुरू व्हायच्या आधीच करा. मधे डावा हात ब्रेक धरून असतो, गिअरला जाणार कसा? आणि सलग ब्रेक ढकलत राहिलं की मनगट आधी थकतं, ब्रेक नंतर.

कृष्णाकाठ
हे सगळं टिपून ठेवलं. आता लायसन्स. २०३१ ची तारीख चालेल का, यावर अजून उत्तर आलं नाही.

जुना_पासिंगवाला
तारीख अजून संपलेली नाही, पण ती ज्या शरीरावर दिली होती ते बदललंय. कलम १६ खाली आजार किंवा अपंगत्वामुळे लायसन्स रद्द करण्याचा अधिकार कार्यालयाला आहे. आणि कलम १० च्या यादीत 'अडॅप्टेड व्हेइकल' हा वर्ग हलक्या मोटार वाहनापासून वेगळा लिहिलेला आहे. पूर्वी त्याला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत, २०१९ मध्ये नाव बदललं. आरसीवर गाडी अडॅप्टेड झाली आणि लायसन्सवर तो वर्ग नसला की पहिल्या अपघातात विमा कंपनीचा सर्व्हेअर तेच बोट ठेवणार.

म्हणून जुन्या लायसन्सवर हा वर्ग वाढवून घ्या. `sarathi.parivahan.gov.in` वर आधी त्या वर्गाचं शिकाऊ लायसन्स, आणि वाहनाच्या यादीतून `Adapted Vehicle` निवडायचं. नमुना १ च्या स्वयंघोषणेत हात किंवा पाय गमावला आहे का असा प्रश्न येतो. तिथे सरळ 'होय' लिहा. 'नाही' लिहिलं की घरबसल्या शिकाऊ लायसन्स निघतं, एजंट तोच सल्ला देतात, आणि पुढे तेच कागद तुमच्याविरुद्ध उभे राहतात. 'होय' लिहिल्यावर नमुना १अ वर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागेल आणि कार्यालयात जावं लागेल. डॉक्टरला यूडीआयडी दाखवाच, आणि 'हँड कंट्रोल असलेली स्वयंचलित गिअरची गाडी चालवण्यास सक्षम' असं स्पष्ट लिहून मागा. नुसतं 'फिट' लिहिलेल्या कागदावर निरीक्षक पाच प्रश्न विचारतो.

चाचणी शिकाऊ लायसन्सनंतर ३० दिवसांनी, आणि शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. आता क्रम बघा, कारण अडकतात ते इथेच. चाचणी त्याच बदललेल्या गाडीवर द्यायची असते, ड्रायव्हिंग स्कूलकडे तशी गाडी नसते. म्हणजे चाचणीच्या दिवशी किट बसलेलं आणि आरसीवर नोंद झालेली हवी. किटला उशीर, त्यात बँक, त्यात आरसी, असं झालं की सहा महिने सहज संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मी असा क्रम सांगेन. आज बँकेला अर्ज. ते पत्र हातात आल्यावर किटची ऑर्डर आणि त्याच आठवड्यात शिकाऊ लायसन्सचा अर्ज. किट बसलं की फिटरचं बिल, किटचं प्रमाणपत्र, बँकेचं पत्र, यूडीआयडी आणि विम्याची प्रत घेऊन १४ दिवसांत आरसीच्या बदलासाठी गाडी तपासणीला न्यायची. आरसी आली की चाचणीची वेळ घ्यायची. सरावाला शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि त्याला तिथून गाडी थांबवता आली पाहिजे. मधला हँडब्रेक असलेली गाडी इथे कामी येते, बटणाचा इलेक्ट्रिक ब्रेक त्या मानाने अडचणीचा.

विमावाला_नाशिक
विम्याचं मी जोडतो. बदल झाल्यावर कंपनीला लेखी कळवा, आरसीची नवी प्रत जोडा आणि किटची किंमत पॉलिसीत वाढवून घ्या. नाहीतर अपघातात गाडीचे पैसे मिळतील, किटचे नाही. दुसरं, अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीला मोटार टॅरिफमध्ये आयएमटी १२ नावाची पुरवणी आहे, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. आरसीवर नोंद असल्याशिवाय ती मिळत नाही. ऑनलाइन पॉलिसी काढताना हा रकाना सापडत नाही, शाखेत जाऊनच घ्यावी लागते.

मंदार_पुणे
राष्ट्रीय महामार्गावर टोलही माफ आहे ना?

जुना_पासिंगवाला
आहे, पण अपंगांसाठी बदललेल्या गाडीला, अपंग मालकाच्या कुठल्याही गाडीला नाही. आरसीवरची नोंद दाखवून सूटवाला फास्टॅग वेगळा काढावा लागतो. टोलनाक्यावर यूडीआयडी कार्ड दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही. मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' असा पर्याय २०२० पासून नोंदणीच्या नमुना २० मध्ये आलाय. बदलाच्या वेळीच तोही लिहून घ्या, पुन्हा खेटा नको.

कृष्णाकाठ
एक शंका. गाडी वहिनीही चालवतात, त्यांचं साधं कारचं लायसन्स आहे. आरसीवर अडॅप्टेड झाल्यावर त्यांनी चालवायची की नाही?

जुना_पासिंगवाला
व्याख्येत शब्द असे आहेत की गाडी फक्त त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठी वापरलेली असावी. भाऊ शेजारी बसलेत आणि वहिनी दवाखान्यात नेतायत, हे 'त्या व्यक्तीसाठी' झालं, माझ्या मते. वहिनी एकट्या भाजीला गेल्या तर?

विमावाला_नाशिक
माझं मत वेगळं. लायसन्सचा वर्ग वेगळा असेल तर तो वहिनींकडेही हवा, भाऊ शेजारी असोत वा नसोत. मूळ पेडलं चालू आहेत आणि गाडीचं वजन हलक्या वाहनाचंच आहे, हा बचाव होऊ शकतो. पण बचाव करायची वेळच का आणायची? विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

अपर्णा_ठाणे
आणि वहिनींच्या गुडघ्याला लिव्हर लागतं का तेही बघा. पायाने ब्रेक दाबला की लिव्हर आपोआप पुढे जातं आणि ॲक्सिलरेटर दाबला की मागे येतं. त्यांचा हात किंवा पर्सचा पट्टा त्यात अडकला तर पेडल अडतं.

कृष्णाकाठ
बँकेचं पत्र मिळालं, लॉकवालं लिव्हर डाव्या हाताला बसवलं. काल रात्री भिंतीची परीक्षा घेतली. लिव्हर मोकळं, तरी भिंत लाल. फिटर म्हणाला, "तेवढं चालतं." पाना१४ यांचं वाचून दाखवलं, तेव्हा त्याने लॉकनट सोडून रॉड दीड आटा आत फिरवला आणि दिवा विझला. इंजिन चालू ठेवून पूर्ण ढकलल्यावर लिव्हर डॅशपासून दोन बोटं लांब राहतं, आवाज चढत नाही. नटांवर पांढऱ्या रेघा ओढल्यात. आरसीच्या तपासणीची वेळ गुरुवारी, चौदातला नववा दिवस. वहिनींबद्दल विमा कंपनीला मेल केलाय, उत्तर आलं की इथे टाकतो.

पाना१४
दोन बोटं ठीक. ब्रेक पॅड झिजले की ते अंतर कमी होतं का, ते प्रत्येक सर्व्हिसला बघत जा.